भंगारवाल्याचा जीएसटी कोण भरणार?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक मध्यम आकाराची फाउंड्री आहे असं धरू. बिडाची कास्टिंग बनवते, पंप आणि ट्रॅक्टरच्या कारखान्यांना पुरवते. तिचा कच्चा माल दोन ठिकाणांहून येतो. पिग आयर्न मोठ्या व्यापाऱ्याकडून, जीएसटीच्या पक्क्या बिलावर. आणि बिडाचं भंगार आसपासच्या भंगारवाल्यांकडून. त्यांच्याकडे काटा पावती मिळते, फार तर वहीतलं एक चिटोरं मिळतं; जीएसटी नंबर नसतो. शिवाय तयार माल ठेवायला मालकाने शेजारचा गाळा भाड्याने घेतला आहे. गाळ्याचा मालक निवृत्त शिक्षक. त्याचाही जीएसटीशी काही संबंध नाही.

अशा मालकांशी बोललं की रिव्हर्स चार्जबद्दल दोन ठाम मतं ऐकायला मिळतात. एक गट म्हणतो, नोंदणी नसलेल्या माणसाकडून काहीही घेतलं की कर आपल्यालाच भरावा लागतो. दुसरा म्हणतो, तो नियम 2017 मध्येच रद्द झाला. दोन्ही मतं चुकीची आहेत, आणि दोन्हींमुळे पैसे जातात. पहिल्या समजुतीमुळे माणूस गरज नसलेला कर भरतो, दुसरीमुळे तीन वर्षांनी व्याजासकट नोटीस येते.

गोंधळाचं मूळ इतिहासात आहे. एरवी जीएसटी विकणारा गोळा करतो आणि सरकारला भरतो. रिव्हर्स चार्जमध्ये ही जबाबदारी उलटी फिरते, म्हणजे विकत घेणारा थेट सरकारला कर भरतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 9 मध्ये याची दोन पोटकलमं आहेत. पोटकलम 3 मध्ये सरकार काही ठरावीक वस्तू आणि सेवांची यादी जाहीर करतं. यादीतली गोष्ट घेतली की कर घेणाऱ्यावर. पोटकलम 4 मात्र 1 जुलै 2017 ला कायदा लागू झाला तेव्हा फार व्यापक होतं. नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने नोंदणी नसलेल्याकडून करपात्र असं काहीही घेतलं तरी कर त्यानेच भरायचा. सूट होती ती दिवसाला 5,000 रुपयांपर्यंतच्या खरेदीची. चहाची उधारी, झेरॉक्स, प्लंबरची मजुरी, सगळ्याची बेरीज दररोज करत बसायची वेळ छोट्या उद्योगांवर आली. ओरड इतकी झाली की 13 ऑक्टोबर 2017 पासून सरकारने ही तरतूद स्थगित केली. पुढे कायदाच बदलला आणि 1 फेब्रुवारी 2019 पासून पोटकलम 4 फक्त सरकार जाहीर करेल अशा ठरावीक वर्गांपुरतं उरलं. आज ते प्रामुख्याने बांधकाम व्यावसायिकांना लागू आहे.

म्हणजे ‘रद्द झालं’ म्हणणाऱ्यांनी पोटकलम 4 ची बातमी ऐकली, आणि पोटकलम 3 कधी थांबलंच नव्हतं हे त्यांच्या कानावर आलं नाही. उलट ती यादी वाढतच गेली. 10 ऑक्टोबर 2024 पासून तिच्यात दोन नोंदी आल्या ज्या आपल्या फाउंड्रीवर थेट येऊन आदळतात. एक, नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यावसायिकाने घेतलेलं धातूचं भंगार. दोन, नोंदणी नसलेल्याकडून नोंदणीकृत व्यावसायिकाने भाड्याने घेतलेली, राहत्या घराव्यतिरिक्तची कुठलीही स्थावर मालमत्ता. दुकान, गाळा, गोडाऊन, मोकळा प्लॉट, सगळं त्यात आलं. दोन्हींवर दर 18 टक्के.

सरकारने हीच दोन का निवडली, हे समजून घेतलं तर नियम लक्षात राहतो. निवृत्त शिक्षकाला गाळ्याचं महिना 30,000 रुपये भाडं मिळतं, म्हणजे वर्षाला 3,60,000. सेवांसाठी नोंदणीची मर्यादा 20 लाखांची. तो कधीच नोंदणीत येणार नाही, आणि त्याला ओढून आणण्यात अर्थही नाही. भंगाराच्या धंद्यात तर खोट्या बिलांचा सुळसुळाट होता. शेकडो छोट्या फिरत्या विक्रेत्यांच्या मागे लागण्यापेक्षा ज्याचा पत्ता, नंबर आणि विवरणपत्रं हाताशी आहेत त्या कारखान्याला धरणं सोपं. नोंदणीकृत उद्योजकावर काम वाढतं हे खरं, आणि त्यांची तक्रार मला रास्त वाटते. पण भरलेला कर बहुतेकांना परत वजा मिळतो. ओझं मुख्यतः कागदाचं आणि रोकडीचं आहे.

तेव्हा पहिला प्रश्न ‘विकणारा नोंदणीकृत आहे का’ हा नाही. पहिला प्रश्न ‘मी घेतलेली गोष्ट यादीत आहे का’ हा आहे. फाउंड्रीने नोंदणी नसलेल्या दुकानातून झाडू, बादल्या आणि वह्या घेतल्या, तर रिव्हर्स चार्ज नाही. रद्दी किंवा प्लॅस्टिकचं भंगार घेतलं तरीही नाही, कारण नोंद धातूच्या भंगाराची आहे. छताची दुरुस्ती करणाऱ्या गवंड्याचं बिल झालं, तरी नाही.

दुसरा प्रश्न देणाऱ्याचा. यादीत प्रत्येक नोंदीपुढे ‘कोणाकडून’ आणि ‘कोणाला’ असे दोन रकाने आहेत, आणि त्यातले शब्द नोंदीगणिक बदलतात. भंगार आणि भाडं यांच्यासमोर ‘नोंदणी नसलेला’ असं आहे. सुरक्षा रक्षकांच्या सेवेसमोर मात्र ‘कंपनी नसलेला कोणीही’ असं आहे. म्हणून रक्षक पुरवणारी भागीदारी संस्था नोंदणीकृत असली तरी कर फाउंड्रीनेच भरायचा. टरफलासकट काजू बीसमोर ‘शेतकरी’ असं आहे. वेंगुर्ल्याच्या किंवा चंदगडच्या काजू कारखानदाराने बागायतदाराकडून थेट बी घेतली तर रिव्हर्स चार्ज लागतो. तीच बी गावातल्या नोंदणी नसलेल्या व्यापाऱ्याकडून घेतली तर लागत नाही, कारण तो व्यापारी शेतकरी नाही. दोघांकडेही जीएसटी नंबर नाही, पण परिणाम वेगळा. म्हणून वही उघडताना यादीची ती ओळ डोळ्यांसमोर असावी.

भंगारवाल्याच्या बाबतीत एक खातरजमा करावी लागते. काही जण नोंदणीकृत असतात आणि सांगत नाहीत. काहींची नोंदणी रद्द झालेली असते, तरी जुन्या नंबराचा शिक्का मारून बिल देतात. जीएसटी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये नंबर टाकला की सध्याची स्थिती दिसते. रद्द झालेली नोंदणी म्हणजे नोंदणी नसलेला. त्याच्या बिलावर छापलेला कर त्याला दिला, तर तो सरकारकडे जाणार नाही, आणि रिव्हर्स चार्ज तुमच्यावर उभाच राहील. विक्रेता कंपोझिशन योजनेत असेल तर तो नोंदणीकृतच धरला जातो. तिथे रिव्हर्स चार्ज येत नाही.

आता नोव्हेंबर 2025 चा महिना घेऊ. फाउंड्रीने एका भंगारवाल्याकडून तीन खेपांत आठ टन बिडाचं भंगार घेतलं, दर किलोला 35 रुपये. 3 तारखेला अडीच टन, 12 तारखेला अडीच टन, 29 तारखेला तीन टन. पहिल्या दोन खेपांची किंमत प्रत्येकी 87,500, तिसरीची 1,05,000, एकूण 2,80,000. पहिल्या दोन खेपांचे पैसे लगेच दिले. तिसरीचे 10 डिसेंबरला दिले. गाळ्याचं 30,000 भाडं 28 नोव्हेंबरला बँकेतून गेलं.

भंगारवाल्याला किती द्यायचे? पूर्ण 2,80,000. इथे बरेच जण चुकतात. ‘कर मी भरतोय’ म्हणून त्याच्या पैशातून 18 टक्के कापून घेतात आणि रोज भंगार आणणाऱ्या माणसाशी वाद ओढवून घेतात. ठरलेल्या किमतीवर कर वरून मोजायचा. दोघांत आधीच तसा सौदा झाला असेल तर गोष्ट वेगळी. 2,80,000 वर 18 टक्के म्हणजे 50,400. भाड्यावर 5,400. एकूण 55,800 रुपये. व्यवहार राज्यातलाच असल्याने निम्मे केंद्राचे, निम्मे राज्याचे.

तिसऱ्या खेपेचे पैसे डिसेंबरमध्ये दिले, मग तिचा कर डिसेंबरचा का धरायचा नाही? कारण वस्तूंच्या बाबतीत कायदा तीन तारखा पाहतो: माल मिळाल्याची, पैसे दिल्याची, आणि पुरवठादाराच्या बिलानंतर 30 दिवस उलटल्यावरची. यातली जी आधी येईल ती धरायची. भंगार 29 नोव्हेंबरला गेटमधून आत आलं, काट्यावर चढलं. तिथेच कर लागला. उधारीवर माल घेणाऱ्या फाउंड्रीत हिशेब पैसे दिल्याच्या तारखेने ठेवायची सवय असते. त्यामुळे महिनाअखेरची खेप पुढच्या महिन्यात ढकलली जाते आणि दर वेळी थोडं व्याज साठत जातं. गेटवरचं आवक रजिस्टर आणि काटा पावत्या हाच इथे खरा आधार.

भाड्याचं थोडं वेगळं आहे. सेवेत ‘माल आत आला’ असा क्षण नसतो. देणारा नोंदणीकृत नसेल तर पैसे दिल्याची तारीख किंवा घेणाऱ्याने स्वतः बनवलेल्या बिलाची तारीख, यातली आधीची धरतात. आपल्या उदाहरणात भाडं 28 तारखेला गेलं, तेव्हा तेही नोव्हेंबरमध्येच आलं.

हे स्वतः बनवलेलं बिल म्हणजे सेल्फ इन्व्हॉइस. भंगारवाला किंवा शिक्षक जीएसटीचं बिल देऊ शकत नाहीत, म्हणून घेणाऱ्याने त्यांच्या वतीने नव्हे तर स्वतःच्या नावाने बिल तयार करायचं. त्यावर आपलं नाव, पत्ता, जीएसटी नंबर. विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता. सलग क्रमांक आणि तारीख. काय घेतलं, त्याचा कोड (लोखंडी भंगाराचा 7204), किती किलो, काय भाव. दर 18 टक्के, केंद्राचा आणि राज्याचा कर वेगवेगळा. पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र. आणि कर रिव्हर्स चार्जने देय आहे असा स्पष्ट उल्लेख. या बिलांना विक्रीच्या बिलांपेक्षा वेगळी मालिका ठेवावी, RCM/25-26/001 अशी. 1 नोव्हेंबर 2024 पासून नियम 47A लागू आहे: माल किंवा सेवा मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत हे बिल बनलं पाहिजे. त्यापूर्वी मुदत इतकी स्पष्ट नव्हती, म्हणून वर्षअखेरीला एका बैठकीत बारा महिन्यांची बिलं बनवायची पद्धत अनेक ऑफिसांत पडली. ती आता सोडावी लागेल. पैसे देताना पेमेंट व्हाउचरही बनवायचं असतं; तो विकणाऱ्याच्या नावाने, कोणत्या खरेदीचे पैसे दिले हे सांगणारा कागद.

आता रोकड. रिव्हर्स चार्जचा कर भरायला क्रेडिट लेजर वापरता येत नाही. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे हा विक्रीवरचा कर नाही, आणि इनपुट क्रेडिट फक्त विक्रीवरच्या करासाठी चालतं. म्हणून चलन काढून, बँकेतून पैसे कॅश लेजरमध्ये भरून, तिथूनच तो चुकवायचा. क्रेडिट लेजरमध्ये दहा लाख पडून असले तरी हे 55,800 खिशातूनच जातील.

नोव्हेंबरमध्ये फाउंड्रीची विक्री 9,00,000 ची झाली, त्यावर कर 1,62,000. पिग आयर्न आणि इतर खरेदीवरचं क्रेडिट 1,20,000. रिव्हर्स चार्ज नसता तर 42,000 रोख भरून विषय संपला असता. आता 55,800 रोख भरायचे. पण ते भरले की त्याच महिन्याच्या GSTR-3B मध्ये तेवढंच क्रेडिट घेता येतं. मग क्रेडिट झालं 1,75,800. विक्रीवरचे 1,62,000 त्यातून भागले आणि 13,800 पुढच्या महिन्यासाठी शिल्लक राहिले. म्हणजे नोव्हेंबरचा जास्तीचा बोजा 13,800 रुपयांचा, आणि तोही डिसेंबरमध्ये वजा होणार. ज्या फाउंड्रीची विक्री चांगली आणि क्रेडिट कमी, तिला रिव्हर्स चार्ज जाणवतही नाही. ज्या उद्योगाकडे आधीच क्रेडिट साठलेलं आहे, निर्यातदार किंवा नवी मशिनरी घेतलेला कारखानदार, त्याचे मात्र रोख पैसे दर महिन्याला अडकत जातात. अशा माणसाने 20 तारखेआधी या रकमेची तरतूद बाजूला ठेवावी.

GSTR-3B मध्ये हा कर 3.1(d) या ओळीत दायित्व म्हणून दाखवायचा आणि त्याचं क्रेडिट 4(A)(3) मध्ये घ्यायचं. नोव्हेंबरचं विवरणपत्र महिन्याला भरणाऱ्यांसाठी 20 डिसेंबरपर्यंत. दोन्ही आकडे सहसा जुळले पाहिजेत. पोर्टलवर यासाठी वेगळं विवरण ठेवलेलं आहे, आणि भरलेल्या करापेक्षा जास्त क्रेडिट घेतलं की ते तिथे दिसतं. तुमची विक्री करमुक्त असेल, तर हे क्रेडिट मिळत नाही. शाळा किंवा दवाखाना चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला भाड्यावरचा हा कर थेट खर्च आहे. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारालाही क्रेडिट नाही. मात्र व्यापारी भाड्यावरच्या रिव्हर्स चार्जमधून त्यांना जानेवारी 2025 मध्ये वगळलं आहे.

सगळ्यात धोक्याची गोष्ट ही की या कराची आठवण कोणी करून देत नाही. नोंदणीकृत विक्रेत्याची बिलं तुमच्या GSTR-2B मध्ये आपोआप येतात. निवृत्त शिक्षकाचं भाडं येत नाही, कारण तो विवरणपत्र भरतच नाही. ही चूक वर्ष-दीड वर्ष लपून राहते आणि मग ताळेबंद तपासणारा नफा-तोटा पत्रकातली ‘भाडे’ ही ओळ पाहून विचारतो, याचा कर कुठे आहे? तपासायची साधी पद्धत हीच: भाडे खातं, भंगार खरेदी खातं, सुरक्षा खर्च यांची वर्षाची बेरीज काढा, त्यातला यादीत बसणारा भाग वेगळा करा, त्याचे 18 टक्के काढा आणि बारा महिन्यांच्या 3.1(d) शी ताडून पाहा. वाहतुकीचं खातंही पाहावं, कारण बिल्टी देणाऱ्या ट्रान्सपोर्टरच्या भाड्यावर, त्याने स्वतः कर लावला नसेल तर, 5 टक्के रिव्हर्स चार्ज येतो. बिल्टी न देणाऱ्या टेम्पोवाल्याच्या भाड्यावर येत नाही.

समजा फाउंड्रीने नोव्हेंबर 2024 ते ऑक्टोबर 2025 या बारा महिन्यांच्या भाड्यावरचा कर भरलाच नाही आणि 20 नोव्हेंबर 2025 ला एकदम भरला. मूळ कर 64,800. व्याज वर्षाला 18 टक्के, म्हणजे महिन्याला 5,400 वर 81 रुपये. पहिल्या महिन्याला 11 महिन्यांचं व्याज, दुसऱ्याला 10, असं करत शेवटच्या महिन्याला शून्य. बेरीज सुमारे 5,346 रुपये. हे व्याज परत मिळत नाही. वर दंडही लागू शकतो, कारण सेल्फ इन्व्हॉइस वेळेत न करणं हा वेगळा दोष आहे. मूळ 64,800 चं क्रेडिट मात्र बुडत नाही. 26 जून 2024 च्या परिपत्रकात सरकारने स्पष्ट केलं आहे की नोंदणी नसलेल्याकडून घेतलेल्या रिव्हर्स चार्जच्या पुरवठ्यात क्रेडिटची मुदत ज्या आर्थिक वर्षात सेल्फ इन्व्हॉइस बनला त्या वर्षावरून मोजायची. त्यामुळे उशीर झाला म्हणून ‘आता क्रेडिट गेलं’ असं समजून कोणी कर लपवू नये. कर भरा, व्याज द्या, बिल बनवा, क्रेडिट घ्या.

यात बदल होण्याची एक वेळ लक्षात ठेवावी लागते. भंगारवाल्याचा धंदा वाढला आणि वस्तूंच्या विक्रीसाठीची वर्षाची 40 लाखांची मर्यादा त्याने ओलांडली, की त्याला नोंदणी घ्यावीच लागते. आपला सगळा माल रिव्हर्स चार्जमध्ये जातो म्हणून नोंदणीतून सूट, ही सवलत इतर मालाला आहे, धातूच्या भंगाराला नाही. नोंदणी झाल्यावर तो स्वतः 18 टक्के लावून बिल देईल, ते तुमच्या GSTR-2B मध्ये दिसेल, आणि तुमचा रिव्हर्स चार्ज थांबेल. मात्र दुसरी जबाबदारी सुरू होते: सौदा अडीच लाखांवरचा असेल तर त्याला पैसे देताना कराआधीच्या किमतीवर 2 टक्के जीएसटी टीडीएस कापायचा आणि त्यासाठी वेगळी नोंदणी घ्यायची. म्हणून भंगारवाल्याला दर काही महिन्यांनी विचारत राहावं, ‘नंबर घेतलास का?’ आणि त्याने हो म्हटलं की कोणत्या तारखेपासून, ते प्रमाणपत्र पाहून वहीत लिहून ठेवावं. त्या तारखेच्या आदल्या दिवशीची खेप तुमच्या सेल्फ इन्व्हॉइसवर जाईल, त्या दिवसापासूनची त्याच्या बिलावर.